आजोबांच्या खोलीतला वास

"मॅडम, प्रवेशाच्या निबंधाचा हा माझा तिसरा मसुदा. माझ्या आयुष्यात ना मोठं संकट आलं, ना मी कुठलं पदक मिळवलं. करते काय, तर धाकट्या भावाचा अभ्यास घेते, तोही बऱ्याचदा चिडून. शिक्षक म्हणतात, काहीतरी प्रभावी लिही. थोडं वाढवून लिहिलं तर कुणाला कळणार आहे?"

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं एका प्रवेश समितीवर निबंध वाचायचे. तेव्हाची एक दुपार तुला सांगते.

नर्सिंगच्या अभ्यासक्रमाचे अर्ज होते. दिवसाला चाळीस फायली वाचायच्या. एका फायलीला साधारण दहा मिनिटं, त्यातली तीनच निबंधाच्या वाट्याला. गुण, शिफारसपत्र आणि निबंध वाचून १ ते ६ मध्ये श्रेणी द्यायची आणि ती का दिली हे दोन ओळींत लिहायचं. प्रत्येक फाइल दोघं जण स्वतंत्रपणे वाचत. श्रेणींत दोनचा फरक पडला, तर ती तिसऱ्याकडे जाई.

दुपारी चारच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं, की मी सलग पाच जणांना ४ दिले आहेत. थकलेल्या वाचकाची ही हमखास खूण. असा वाचक पहिली ओळ आणि शेवटचा परिच्छेद वाचून मधलं गृहीत धरतो. आणि खरं सांगते, गृहीत धरण्यासारखंच असायचं. "लहानपणापासून मला रुग्णसेवेची ओढ होती." त्या दिवशी हे वाक्य शब्द थोडेफार बदलून मी अकरा वेळा वाचलं होतं. खोटं असेलच असं नाही, पण त्या वाक्याखाली कुणाचंही नाव चाललं असतं.

पुढची फाइल उघडली. सुरुवात तीच, सेवेची ओढ. मी पान उलटणार, तेवढ्यात मध्येच हे वाक्य आलं: "आजोबा अंथरुणाला खिळले, तेव्हा पहिले दोन महिने मी त्यांच्या खोलीत जायचं टाळलं, कारण तिथला वास मला सहन होत नव्हता."

हातातलं पेन मी खाली ठेवलं आणि निबंध पुन्हा पहिल्यापासून वाचला. पुढे मुलाने लिहिलं होतं, की एकदा घरात दुसरं कुणीच नसताना त्याला चादर बदलावी लागली. आजोबांना एका कुशीवर वळवून अर्धी चादर गुंडाळत काढायची, त्याच बाजूला नवी घालायची आणि मग दुसऱ्या कुशीवर वळवायचं. पहिल्यांदा त्याने घाईत जोरात ओढली आणि आजोबा कण्हले. ते कण्हणंही त्याने लिहिलं होतं. वास गेला असं कुठेच नव्हतं, फक्त "आता मी आधी खिडकी उघडतो" एवढंच.

मी ५ दिले. टीपेत लिहिलं, "या कामात काय सहन करावं लागतं हे याला ठाऊक आहे." दुसऱ्या वाचकाने ३ दिले होते. त्यांचं म्हणणं, ज्याला वासच सहन होत नाही तो या पेशात टिकेल कसा? शंका रास्त होती. फाइल तिसरीकडे गेली. तिने शिफारसपत्र काढलं. वर्गशिक्षिकेने लिहिलं होतं, की हा मुलगा वर्षभर पहिला तास बुडवायचा, कारण सकाळी आजोबांचं सगळं तोच करायचा. निबंधात या बुडालेल्या तासांचा उल्लेखही नव्हता. दोन कागद एकमेकांना न सांगता जुळले आणि मुलाला मुलाखतीचं बोलावणं गेलं.

वाढवून लिहिलेलं पकडलं जातं ते बहुतेकदा इथेच. कुणी चौकशीला निघत नाही, निबंधातला मुलगा आणि शिफारसपत्रातला मुलगा दोन वेगळी माणसं वाटतात, इतकंच. मात्र त्या वाक्याने गुण भरून निघाले नव्हते. त्याचे गुण आधीच काठावर पोचलेले होते. ते फार कमी असते, तर मीही काही करू शकले नसते.

आणखी एक. हे वाचून घरातलं दुःख उकरायला बसू नकोस. जी जखम अजून दुखते आहे, ती अनोळखी माणसांसमोर उघडायचं तुझ्यावर काही बंधन नाही. त्या मुलाचं वाक्य आजारपणामुळे खरं झालं नव्हतं. स्वतःला न शोभणारी गोष्ट त्याने तारीख-वार सांगावा तशी साधेपणाने सांगितली होती.

तू पाठवलेला मसुदा मी वाचला. त्यात लिहिलं आहेस, "भावाला शिकवताना मला ज्ञानदानाचा आनंद मिळतो." आणि मला लिहिलेल्या चार ओळींत मात्र सहज म्हणून गेलीस, "तोही बऱ्याचदा चिडून." शेवटचं कधी चिडलीस? कुठलं गणित होतं, तू काय बोललीस, आणि मग त्याने वहीचं काय केलं? आधी हे मोबाइलवर बोलून रेकॉर्ड कर, मग जसंच्या तसं उतरवून काढ. शब्दमर्यादेकडे सध्या बघू नकोस. चौथा मसुदा तिथून सुरू करू.