मान वाकवली की पाठीतून करंट
मान खाली घातली की पाठीच्या कण्यातून पायापर्यंत करंट लागल्यासारखं होतं. मानेमुळे असेल का?

असू शकतं. डॉक्टर याला लर्मिट चिन्ह म्हणतात. मान वाकली की कण्यातून जाणारा मज्जारज्जू ताणला जातो. मणक्यांमधली सरकलेली चकती किंवा स्पाँडिलोसिसमध्ये, म्हणजे मानेच्या झिजेत, वाढलेलं हाड तिथे दाबत असेल, तर झटका क्षणभर खाली उतरतो. नुसती एखादी नस दबली असेल तर कळ बहुधा एका हातात जाते.

शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का, चालताना तोल जातो का, बघा. तसं असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर लगेच न्यूरॉलॉजिस्ट गाठा. मानेचा एमआरआय लागेल. एक्स-रेमध्ये मज्जारज्जू दिसत नाही. तोवर मान मोडून घेणं, रगडून मालिश बंद.

दाब नसला तर बी-१२ ची कमतरता (शाकाहाऱ्यांनी हे तपासावंच) किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू-मज्जारज्जूचा आजार शोधतात.