नगात फिन पहिली, रुपयांत ब्लो होल पहिला: आधी कशाला हात घालायचा?

प्रश्न: आमच्या ग्रे आयर्न फाउंड्रीत इन्स्पेक्शन रजिस्टरवरून पॅरेटो काढला तर फिन पहिल्या नंबरवर येते. साहेब म्हणतात आधी ब्लो होल बघा. नक्की सुरुवात कुठून करायची?

उत्तर:

बहुतेक साहेबांचंच बरोबर निघेल, आणि ते तुमच्याच रजिस्टरवरून तपासता येईल. तुम्ही नग मोजलेत. फिन ग्राइंडरने घासली की माल पुढे जातो. ब्लो होल मात्र बऱ्याचदा मशीनिंगचा पहिला कट घेतल्यावर उघडा पडतो. तोवर कास्टिंगही गेलेलं असतं आणि त्यावरचं मशीनिंगही. या दोन्ही नोंदी रजिस्टरमध्ये एकेका ओळीच्याच, म्हणून नगांच्या पॅरेटोत त्यांचं वजन सारखं धरलं जातं.

मी क्वालिटीतच काम करतो. माझ्या मते पॅरेटो नेहमी रुपयांत काढावा. समजायला सोपे जावेत म्हणून गोल आकडे धरतो: फिन घासायला नगामागे २० रुपये, फेटलिंगला बाद झालेल्या कास्टिंगचं नुकसान (भंगाराची किंमत वजा करून) ५०० रुपये, आणि मशीनिंगनंतर बाद झालं तर ९०० रुपये. तुमच्या कॉस्टिंगवाल्याकडून खरे आकडे घ्या. महिन्याला ५,००० कास्टिंग आणि ५०० नोंदी धरल्या, तर चित्र असं दिसेल:

| दोष | नग | नुकसान (रु.) |
|---|---|---|
| फिन | १९० | ३,८०० |
| सँड ड्रॉप | १२० | ६०,००० |
| ब्लो होल | ९० | ७३,००० |
| श्रिंकेज | ४० | ३२,००० |
| मिसमॅच | ३० | १५,००० |
| कोल्ड शट | २० | १०,००० |
| इतर | १० | ५,००० |

ब्लो होलच्या ९० पैकी ७० मशीनिंगनंतर सापडले आणि २० फेटलिंगला, म्हणून ७३,०००. श्रिंकेजही ३० मशीनिंगनंतर आणि १० आधी, असं धरलंय. नगांत ३८ टक्क्यांनी पहिली असलेली फिन रुपयांत २ टक्क्यांच्याही आत येते. ब्लो होल, सँड ड्रॉप आणि श्रिंकेज मिळून ८३ टक्के होतात. एक्सेलमध्ये रुपयांचा कॉलम उतरत्या क्रमाने लावा, ‘इतर’ कायम शेवटी ठेवा, आणि चढती टक्केवारी अशी काढा:

```
=SUM(C$2:C2)/SUM(C$2:C$8)
```

८०-२० जुळलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. पहिले दोन-तीन खांब बाकीच्यांपेक्षा स्पष्ट उंच आहेत का, एवढंच बघायचं. सगळे साधारण सारख्या उंचीचे आले, तर दोषाच्या नावाऐवजी पार्टनुसार किंवा शिफ्टनुसार वाटणी करून बघा.

पण आलेखावर विश्वास टाकण्याआधी रजिस्टरवर टाकता येतो का, ते बघा. मला सगळ्यात जास्त काळजी दोषांच्या नावांची वाटते. सँड ड्रॉपच्या खड्ड्यातली वाळू शॉट ब्लास्टिंगमध्ये निघून जाते, मागे रिकामं भोक राहतं, आणि पुढच्या टेबलावर त्याची नोंद ‘ब्लो होल’ अशी होते. श्रिंकेजचंही तसंच. भिंगातून पाहिलं तर फरक दिसतो: ब्लो होलची आतली भिंत गुळगुळीत, गोलसर आणि बऱ्याचदा चकचकीत असते; श्रिंकेजची खडबडीत, फाटल्यासारखी. बाद मालातले वीस नग बाजूला काढा आणि दोन्ही शिफ्टच्या इन्स्पेक्टरांना एकमेकांचं न बघता नावं लिहायला सांगा. पाच-सहा नगांवर जरी मतं फाटली, तरी आधी टेबलावर नमुने लावून नावं पक्की करा. नाहीतर पहिला आणि दुसरा खांब कधीही अदलाबदल होतील.

दुसरी अडचण तारखेची. मशीन शॉपमधून परत येणारा माल काही आठवड्यांपूर्वी ओतलेला असतो, पण नोंद आजच्या तारखेला पडते. मग या महिन्याचं फेटलिंग आणि मागच्या महिन्याचं ओतकाम एकाच आलेखात मिसळतं. कास्टिंगवरचा हीट कोड वाचून नोंद ओतकामाच्या तारखेला टाका. त्यामुळे ताज्या महिन्याचा मशीनिंगचा हिशोब अपुरा दिसतो, म्हणून पॅरेटोसाठी ज्याचा माल मशीन होऊन झालाय असा महिना घ्या.

आता पहिला खांब फोडायचा. ‘ब्लो होल कमी करा’ एवढ्यावर मोल्डिंगवाला काहीच करू शकत नाही, कारण वाळूतला ओलावा, कोअर, ओली लॅडल, असं कुठूनही ते येऊ शकतं. म्हणून तेच ९० नग पार्टनुसार वाटा, आणि शेजारी त्या पार्टची एकूण कास्टिंग लिहा. समजा पहिल्या पार्टचे ३,००० पैकी ५० बाद, दुसऱ्याचे ६०० पैकी ३० आणि बाकी सगळ्यांचे १,४०० पैकी १०. नगांनी पहिला पार्ट मोठा दिसतो, पण त्याचं प्रमाण १.७ टक्के आहे आणि दुसऱ्याचं ५ टक्के. त्या दुसऱ्या पार्टमध्ये त्याचं स्वतःचं असं काहीतरी बिघडलंय.

ते काय, हे भोकाची जागा सांगते. पार्टचं साधं रेखाचित्र टेबलावर चिकटवा आणि प्रत्येक बाद नगाचं भोक जिथे असेल तिथे पेनाने ठिपका द्या. समजा ३० पैकी २४ ठिपके कोअरच्या वर, कोपच्या बाजूला, एकाच पट्ट्यात जमले. मग संशय कोअरवर जातो. धातू लागला की कोअरमधला बाइंडर जळून गॅस होतो. तो कोअर प्रिंटमधल्या व्हेंटमधून बाहेर पडायला हवा. व्हेंट कोटिंगने बुजला असेल किंवा प्रिंटपाशी धातू शिरत असेल, तर गॅस धातूत घुसतो, वर चढतो आणि वरच्या कातडीखाली अडकतो. अशा वेळी व्हेंट मोकळे आहेत का, कोअर पुरता सुकलाय का, हे त्याच दिवशी बघता येतं. पहिल्या पार्टचे ठिपके जर सगळीकडे पसरलेले असतील, तर ते हीट आणि शिफ्टनुसार लावा. एखाद्या शिफ्टला गर्दी दिसली, तर सँड लॅबच्या वहीत त्या वेळचा ओलावा आणि पर्मिअ‍ॅबिलिटी बघा, आणि लॅडल नीट तापवली होती का हे विचारा.

मी असतो तर दुसऱ्या पार्टच्या कोअरपासून सुरुवात केली असती. त्याचे नग पहिल्यापेक्षा कमी आहेत, पण कारण एका जागी बोट ठेवण्याइतकं स्पष्ट आहे आणि खर्च जवळपास नाही. खांबाच्या उंचीवरून नुकसान किती ते कळतं. दुरुस्ती किती सोपी आहे हे तुम्हालाच शॉपवर जाऊन बघावं लागतं. सँड ड्रॉपचा ६०,००० चा खांबही फार मागे नाही, तेव्हा मोल्डिंगचा दुसरा माणूस त्यावर लावता येत असेल तर लावा.

सुधारणा मोजताना टक्क्यांचा पॅरेटो शेजारी शेजारी ठेवू नका. ब्लो होल निम्मे झाले की सँड ड्रॉपची टक्केवारी आपोआप वाढते, आणि मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतं की हे का वाढलं. प्रत्यक्षात एकही नग वाढलेला नसतो. दोन्ही महिन्यांचे आलेख दर हजार कास्टिंगमागे किती रुपये, या एकाच मापात आणि एकाच उंचीच्या पट्टीवर काढा. ब्लो होलचा खांब खरंच बुटका झाला आणि बाकीचे जागेवर राहिले, तर व्हेंटचं काम लागू पडलं असं धरा.