रजा मंजूर झाल्यावर आभाराचा मेसेज

साहेबांनी रजा मंजूर केली. आभार कसे मानू? काम सांभाळणाऱ्यांचा उल्लेख कुठे करू?

मंजुरीच्या मेलवरच उत्तर द्या आणि काम घेणाऱ्या दोघांनाही त्यात ठेवा:

"सर, रजा मंजूर केल्याबद्दल आभार. मंगळवार १२ ते शुक्रवार १५ मे, दोन्ही दिवस धरून, मी रजेवर आहे. सोमवारी १८ तारखेला रुजू होईन. बिलांचं काम (नाव) आणि ग्राहकांचे फोन (नाव) बघणार आहेत. दोघांचेही मनापासून आभार."

"१५ पर्यंत" एवढंच लिहिलंत, तर १५ला तुम्ही येणार असं कुणीतरी धरतंच. म्हणून रुजू व्हायची तारीख हवीच. आणि नाव टाकण्याआधी त्या माणसाला विचारा. मेलमधूनच कळलं, तर आभार कसले, ती जबाबदारी ढकलणंच वाटतं.