94 गुण आणि 9 अंशांचं पातेलं

प्रश्न: रेस्टॉरंटची अधिकृत तपासणी जवळ आली आहे. त्याआधी मी स्वतः चेकलिस्ट घेऊन स्वच्छतेचे गुण देणार आहे. किती टक्के मिळाले म्हणजे निर्धास्त राहता येईल?

टक्क्यांवर जाऊ नका. माझा भागीदार, म्हणजे चुलतभाऊच, त्याच्या 94 गुणांचा कागद अजून मिरवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्याची चेकलिस्ट 50 प्रश्नांची, प्रत्येकाला 2 गुण. गेलेले 6 असे: एक फुटकी फरशी, एक झाकण नसलेला कचऱ्याचा डबा आणि हात धुण्याच्या बेसिनवर साबण नाही. फरशी आणि साबण एकाच भावात! फ्रीजला मात्र पूर्ण गुण, कारण दारावर 4 अंश दिसत होते. मी थर्मामीटर घेतला. बर्फाचा चुरा आणि पाणी यांत बुडवून तो शून्य दाखवतो ना, हे आधी पाहिलं आणि मग मागच्या कोपऱ्यातल्या पातेल्यात मधोमध खुपसला. 9 अंश! दारावरचा आकडा आतल्या हवेचा असतो, अन्नाचा नव्हे. रात्री खोल पातेलं गरमच आत ढकललेलं. कडेने गार झालं, मध्ये नाही. शिजलेलं अन्न 60 वरून 21 अंशांवर दोन तासांत आणि तिथून 5 वर पुढच्या चार तासांत यायला हवं. मोठा घाणा असेल तर तो उथळ ट्रेमध्ये पसरल्याशिवाय हे सहसा जमत नाही. तापमानाची वही उघडली तर पानभर 4, 4, 4, एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिलेले. असली वही तपासनीसाला लगेच कळते.

"दादा, एका पातेल्यासाठी सगळं नापास?" हो, नापास! अन्नाचं तापमान, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवणं, हात धुणं, आजारी माणसाला कामापासून दूर ठेवणं, उंदीर-झुरळं, पिण्याचं पाणी: यांतलं एकही चुकलं की बेरीज करायचीच नाही. उरलेल्या गोष्टींना खुशाल टक्के द्या. मागच्या वेळची चूक पुन्हा सापडली तर दुप्पट गुण कापा.

आणि तपासणी गर्दीच्या वेळी करा, सकाळी सगळं पुसून झाल्यावर नव्हे. मी आधी हात धुण्याचं बेसिन बघतो. ऐन गर्दीत ते कोरडं असेल किंवा त्यात भांडी पडली असतील, तर बाकी प्रश्न नंतर.

आता एक राहिलं. तापमानाच्या मर्यादा देशोदेशी थोड्या बदलतात, तेव्हा तपासणी करणाऱ्या खात्याचाच नमुना मिळाला तर तोच वापरा. मात्र तो स्वयंपाकघराच्या प्रमुखाकडून भरून घेऊ नका. आमच्याकडचा तो 94 गुणांचा कागद त्यानेच भरला होता. भागीदाराने फक्त सही केली.