स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांसाठी बंद ग्रुप काढताना

प्रश्न: सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे. अशा माणसांना घरी सांभाळणाऱ्यांसाठी, फक्त सदस्यांपुरता एक ऑनलाइन ग्रुप काढायचा आहे. ओळखीतले आठ-दहा जण तयार आहेत. उद्देश, नियम आणि आमंत्रण कसं लिहू? व्हॉट्सॲप चालेल का?

उत्तर:

ॲपचं नंतर बघू, आधी उद्देश. तो एका वाक्यात लिहा, आणि असा लिहा की वाचून एखाद्याला 'हे आपल्यासाठी नाही' असं कळलं पाहिजे. "स्मृतिभ्रंशाविषयी माहिती आणि आधार" हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण ते कोणालाच बाहेर ठेवत नाही. त्यात स्मरणशक्तीची चूर्णं विकणारे बसतात, केअरटेकर पुरवणारे बसतात, रोज सकाळी सुविचार पाठवणारेही बसतात. उद्या त्यांना थांबवायचं म्हटलं तर तुमचंच वाक्य त्यांच्या बाजूने उभं राहील.

मी असाच एक ग्रुप काही वर्षं सांभाळतो आहे. तुमच्या जागी मी असं लिहीन: "स्मृतिभ्रंश झालेल्या आपल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्यांनी रोजच्या अडचणी एकमेकांना विचारायच्या आणि आपण त्यातून कसं निभावलं ते सांगायचं, एवढ्यासाठी ही जागा आहे." हे लिहून झालं की काठावरची माणसं समोर आणा आणि प्रत्येकाचा निर्णय आत्ताच करा. खरं काम इथे आहे.

लांब राहून पैसे पाठवणारा भाऊ चालेल का? माझं मत, नाही. घरी सांभाळणारी व्यक्ती पुष्कळदा त्याच भावाबद्दल लिहिणार असते. तसंच एका घरातून एकच सदस्य. सून आणि मुलगा दोघंही आत असले की दोघंही जपून लिहायला लागतात, आणि मग ग्रुपमध्ये फक्त डायपरच्या मापांची चर्चा उरते. ज्यांना नुकतंच निदान झालंय आणि जे स्वतः नीट लिहू-वाचू शकतात, त्यांनाही आधाराची गरज असते, पण त्यांच्यासाठी वेगळी जागा हवी. 'आता सहन होत नाही' हे वाक्य सांभाळणाऱ्याला कुठेतरी लिहिता यायला हवं, आणि ते रुग्णाच्या डोळ्यांसमोर नको. राहता राहिला सगळ्यात अवघड प्रश्न: ज्यांचं माणूस गेलं त्यांचं काय? त्यांना हवं तितके दिवस राहू द्या, आणि हे लेखी असू द्या, म्हणजे अशा वेळी कोणाला परवानगी मागावी लागणार नाही. शेवटच्या टप्प्याबद्दलचे प्रश्न येतात तेव्हा उत्तरं त्यांच्याकडेच असतात.

आता ॲप. व्हॉट्सॲप चालतं, कारण नवीन काही शिकावं लागत नाही. संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे ग्रुपबाहेरच्या कोणालाही, कंपनीलाही, ते वाचता येत नाहीत, आणि एका ग्रुपमध्ये १०२४ जण बसतात, म्हणजे जागेची अडचण तुम्हाला येणार नाही. अडचण वेगळी आहे. प्रत्येकाचा फोन नंबर सगळ्या सदस्यांना दिसतो. घरातल्या खाजगी गोष्टी आणि नंबर एकाच ठिकाणी, हे अनेकांना नको असतं. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो आणि जुने संदेश नव्या सदस्याला दिसतील अशी सोय करता येते, पण तिथल्या ग्रुपमधले संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. फेसबुकवर प्रायव्हेट ग्रुप 'हिडन' ठेवता येतो, म्हणजे बाहेरच्यांना तो शोधूनही सापडत नाही, आणि प्रवेशाआधी तीन प्रश्न विचारता येतात. तिथे नाव न दाखवता पोस्ट टाकण्याची सोयही चालू करता येते. मात्र ॲडमिन आणि मॉडरेटरना नाव दिसतं, हे सदस्यांना आधी सांगा.

आठ-दहा ओळखीचे असतील तर व्हॉट्सॲपनेच सुरुवात करा. फक्त सेटिंगमध्ये नव्या सदस्यांना ॲडमिनची मंजुरी लागेल असं ठेवा आणि आमंत्रणाची लिंक अधूनमधून रीसेट करत जा. लिंक फिरते, आणि फिरलेली लिंक कोणाच्या हातात गेली ते तुम्हाला कधी कळत नाही.

नियम पाचांच्या वर नकोत, आणि 'सभ्य भाषा वापरा' छापाचा एकही नको. असभ्य माणसाला तो वाचून फरक पडत नाही. नियम या आजाराच्या अडचणींतून निघाले पाहिजेत.

पहिला नियम औषधांचा: "कोणतं औषध चालू आहे हे सांगता येईल. डोस, बदल किंवा बंद करण्याचा सल्ला देता येणार नाही." सदस्यांना हा कडक वाटेल, म्हणून कारण खाली लिहा. रुग्ण रात्रभर जागतो, आरडाओरडा करतो, तेव्हा कोणीतरी हमखास लिहितं, 'आमच्याकडे अमुक गोळीने शांत झोपतात.' ती गोळी अनेकदा अँटिसायकोटिक गटातली, म्हणजे मुळात गंभीर मानसिक आजारांवर दिली जाणारी असते. स्मृतिभ्रंश असलेल्या वयस्करांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये तसा ठळक इशारा छापायला लावला. डॉक्टर ती कधीकधी देतातही, पण तो निर्णय त्यांनी रुग्णाला बघून घ्यायचा असतो.

दुसरा त्याच्याच शेजारचा: "एक-दोन दिवसांत अचानक बदल झाला असेल तर इथे विचारण्याआधी डॉक्टरांना फोन." हा आजार सहसा महिन्यांच्या, वर्षांच्या गतीने वाढतो. कालपर्यंत ओळखणारी सासू आज अचानक भ्रमात बोलायला लागली, तर मागे लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवं औषध असू शकतं, आणि यावर उपचार होतात. ग्रुपमध्ये 'आमच्याकडेही असंच झालं होतं, पुढचा टप्पा आहे' असं उत्तर आलं की वेळ जातो. असा प्रश्न दिसला की ॲडमिनने चर्चा सुरू होण्याआधी एक ओळ टाकायची: 'आधी डॉक्टर, मग आपण बोलू.'

तिसरा नियम त्या माणसाच्या मानाचा: रुग्णाचा फोटो, व्हिडिओ किंवा पूर्ण नाव नाही. त्याची संमती आता घेता येत नाही, एवढं कारण पुरे. चौथा, इथलं बाहेर जाणार नाही, स्क्रीनशॉटही नाही. हा तुम्ही तांत्रिकदृष्ट्या पाळून घेऊ शकत नाही, म्हणून मोडला तर काय होईल ते लिहा: पहिल्याच वेळी सदस्यत्व बंद. बाकीच्या नियमांना एक ताकीद ठीक आहे, याला नको. पाचवा, विक्री, देणगीची आवाहनं आणि फॉरवर्ड नाहीत. यावर फार लिहायला नको, दिसलं की काढून टाका.

ताकीद नेहमी खाजगीत द्या. काढलेल्या पोस्टबद्दल ग्रुपमध्ये खुलासा लिहीत बसू नका, त्यानेच दुसरं भांडण उभं राहतं. आणि पहिल्या दिवसापासून दुसरा ॲडमिन हवाच. तुम्ही स्वतः सांभाळणाऱ्या आहात, एखादा आठवडा तुम्हाला फोन बघायलाही मिळणार नाही.

आमंत्रण एकेकाला पाठवा, दुसऱ्या कुठल्या ग्रुपमध्ये टाकू नका. त्यात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: तुम्ही त्यांनाच का बोलावताय, त्यांना काय करावं लागेल, आणि काय करावं लागणार नाही. तिसरी बहुतेक जण विसरतात. दिवसभर दमलेल्या माणसाला 'आणखी एक ग्रुप' म्हणजे आणखी एक काम वाटतं. मी साधारण असं लिहीन:

"नमस्कार ताई. मागे तुम्ही म्हणाला होतात की आई संध्याकाळ झाली की 'घरी जायचंय' म्हणत दाराशी जाऊन बसतात. आमच्याकडेही हेच चालू आहे. अशा घरांतल्या आठ-दहा जणांचा एक बंद ग्रुप करतेय. अडलं की विचारायचं, जमलं तर सांगायचं, एवढंच. रोज लिहायला हवं असं नाही, नुसतं वाचलं तरी चालेल. औषधांचे सल्ले आणि फॉरवर्ड तिथे नसतील. सोबत पाच नियम जोडलेत, ते वाचून पटले तर 'हो' कळवा, मी जोडून घेते. नको असेल तर काहीच कळवू नका, मी पुन्हा विचारणार नाही."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. नकार द्यायला सोपं असलं की होकार मनापासूनचा येतो. आणि 'हो' आल्याशिवाय कोणालाही परस्पर ग्रुपमध्ये ओढू नका, नंबर तुमच्याकडे असला तरी.

पुढे ओळखीबाहेरचे लोक यायला लागले की मंजुरीआधी दोन प्रश्न विचारा: तुम्ही कोणाला सांभाळता, आणि सध्या सगळ्यात जास्त कशाने दमवलंय? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खोटं लिहिणं अवघड असतं. विकायला आलेला माणूस 'काळजीची जबाबदारी' असं काहीतरी गुळगुळीत लिहितो, सांभाळणारा लिहितो 'आंघोळ'.

ग्रुप उघडण्याआधी त्या आठ-दहांपैकी तिघांना एकेक खरा प्रश्न तयार ठेवायला सांगा, आणि पहिल्या आठवड्यात ते एक दिवसाआड येऊ द्या. 'सर्वांचं स्वागत, आपापली ओळख करून द्या' याने सुरुवात झाली की दहा ओळखी येतात आणि मग शांतता. त्याऐवजी 'आंघोळीला तयारच होत नाहीत, तुम्ही काय करता?' असा प्रश्न आला की कोणी सांगतं, वेळ बदलून बघा, कोणी सांगतं, पाणी आधी पायावर घ्या, आणि ग्रुप कशासाठी आहे ते आपोआप कळतं.

सगळे बोलतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. लोक वेबसाइट कशा वापरतात याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात, एक सतत लिहितो. लहान, ओळखीच्या ग्रुपमध्ये लिहिणारे याहून बरेच जास्त असतात, तरी वाचणारेच जास्त राहतात. त्यांना 'गप्प का?' म्हणून टोकू नका.

बिघडतंय हे ओळखायला संदेश मोजू नका, उत्तर कोण देतंय ते बघा. प्रत्येक प्रश्नाला पहिलं उत्तर तुमचंच असेल तर तो ग्रुप नाही, तुमची हेल्पलाइन झाली. मग मुद्दाम थांबा आणि ज्याला त्यातलं ठाऊक आहे त्याला खाजगीत सांगा, 'तुम्ही यातून गेलात, दोन ओळी लिहाल का?' दुसरं लक्षण म्हणजे लोक ग्रुपमध्ये न विचारता तुम्हाला एकट्याला विचारायला लागणं. बहुतेक वेळा कोणीतरी नवीन आलेलं असतं, ज्याच्यासमोर त्यांना बोलायचं नसतं. अशा वेळी महिनाभर नवीन प्रवेश बंद ठेवा आणि जुन्यांपैकी दोघा-तिघांना फोन करून कारण विचारा.