विकेट: बळी, गडी की यष्टी?

प्रश्न: "क्रिकेट सामन्याच्या क्षणचित्रांची संहिता लिहितोय. विकेटला कुठे बळी म्हणायचं, कुठे गडी? 'सहा विकेट्सनी जिंकले' चालेल का? आणि पडद्यावर 277/4 दिसत असताना निवेदकाने 'चार बाद दोनशे सत्त्याहत्तर' म्हटलं तर प्रेक्षक गोंधळणार नाही का?"

इंग्रजीतला 'विकेट' हा एकच शब्द चार कामं करतो, आणि मराठीने ती चार कामं चार शब्दांना वाटून दिली आहेत. मातीत रोवतात त्या यष्ट्या. ज्यावर खेळतात ती खेळपट्टी. या दोघींबद्दल वाद नाही. गडबड होते ती बळी आणि गडी यांची, कारण दोन्हीकडे माणूसच बाद झालेला असतो.

मी स्वतः एक साधा भेद पाळतो. बळी गोलंदाजाचा, गडी संघाचा. गोलंदाज बळी घेतो, मिळवतो, टिपतो. संघाचे गडी बाद होतात किंवा हातात राहतात. 'गडी बाद' हा शब्दप्रयोग खो-खो आणि हुतूतूच्या मैदानातला आहे. तिथे प्रत्येक बाजूचे मोजके गडी असतात आणि एकेक बाद होत जातो. क्रिकेटच्या डावातही नेमकं हेच मोजलं जातं. बोलताना 'श्रीलंकेचा सहावा बळी गेला' असंही आपण सर्रास म्हणतो आणि ते कानाला खटकत नाही. पण संहितेत निवेदनासोबत आकड्यांची पाटीही येणार असेल, तर हा भेद पाळलेला बरा. नाहीतर बेरीज चुकल्यासारखी दिसते.

2011च्या विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या. श्रीलंकेने 50 षटकांत 6 बाद 274 केल्या. आता गोलंदाजांची पाटी पाहा: झहीर खान 2, युवराज सिंग 2, हरभजन सिंग 1. बेरीज 5. ज्याला 'विकेट्स' हा एकच शब्द दोन्ही पाट्यांवर दिसेल, तो विचारणारच की सहावी कुठे गेली. सहावा होता कुलसेकरा, आणि तो धावचीत झाला. धावचीत झालेला फलंदाज गोलंदाजाच्या खात्यात जात नाही. म्हणून संघाच्या पाटीवर '6 गडी बाद' आणि गोलंदाजांच्या पाटीवर 'बळी' असं लिहिलं की दोन आकडे वेगळे का, हे शब्दच सांगतात. पाट्या तयार झाल्यावर बळींची बेरीज बाद गड्यांशी ताडून पाहायची मला सवय आहे. फरक निघाला, तर तेवढे फलंदाज धावचीत झालेले दिसले पाहिजेत. (बाद होण्याचे आणखी एकदोन विरळ प्रकारही गोलंदाजाला मिळत नाहीत, पण ते क्वचितच आड येतात.) हिशेब जमला नाही, तर पाटी चुकली आहे असं समजायचं.

आता 'सहा विकेट्सनी जिंकले'. मला हे चुकीचंच वाटतं, आणि इंग्रजी शब्द आल्यामुळे नव्हे. अडचण 'नी' या प्रत्ययाची आहे. मराठीत 'इतक्यांनी जिंकले' म्हटलं की दोन बाजूंमधला फरक कळतो. 1983च्या अंतिम सामन्यात भारत 183, वेस्ट इंडीज 140. वजाबाकी केली की 43, म्हणून 'भारत 43 धावांनी विजयी' अगदी बरोबर. 2011मध्ये मात्र श्रीलंकेचे 6 गडी बाद झाले होते आणि भारताचे 4. फरक दोनाचा, आणि म्हणायचं 'सहांनी जिंकले'? या सहाचा श्रीलंकेच्या सहाशी काही संबंध नाही. भारताचे दहांपैकी सहा गडी पडायचे बाकी होते, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून 'भारत 6 गडी राखून विजयी'. 'राखून' या एका शब्दात सगळा हिशेब येतो: हातचे शिल्लक ठेवून, न गमावता. या सामन्यात तर योगायोगाने दोन्ही संघांपुढे सहाचाच आकडा येतो, एकीकडे गमावलेले सहा आणि दुसरीकडे राखलेले सहा. दोन्ही पाट्यांवर 'विकेट्स' लिहिलं तर ते दोन सहा सारखेच दिसतील.

महिलांच्या सामन्यातही 'गडी राखून' लिहायला माझी हरकत नाही. तिथे तो मोजणीचा शब्द आहे. एकट्या खेळाडूबद्दल बोलताना मात्र 'गडी' टाळून 'फलंदाज' म्हणावं, वाक्य आपोआप नीट बसतं.

राहिला 277/4चा प्रश्न, आणि तो खरा मजेचा आहे. पाटीवर धावा आधी आणि बाद नंतर, मराठी बोलण्यात बाद आधी आणि धावा नंतर. (ऑस्ट्रेलियात पडद्यावरही 4/277 असंच लिहितात, म्हणजे आपल्या कानाला जवळचं.) गोलंदाजाच्या पाटीवर हा क्रम बरोबर उलटतो. तिथे झहीरपुढे 2/60 दिसतं आणि आपण म्हणतो '60 धावांत 2 बळी'. म्हणजे दोन्हीकडे डोळ्याला एक क्रम आणि कानाला दुसरा. तरीही मराठी क्रम सोडू नका असंच मी सांगेन. 'दोनशे सत्त्याहत्तर चार' असं निवेदनात आलं की ऐकणाऱ्याला चार कशाचे ते स्वतः जुळवावं लागतं. 'बाद' आणि 'धावांत' हे शब्द आकड्यांना ओळख देतात, त्यामुळे क्रम फिरला तरी अर्थ हलत नाही.

कोपऱ्यातली धावसंख्येची छोटी पट्टी 277/4 अशीच राहू द्या, ती लोकांच्या डोळ्यांत बसली आहे. पूर्ण पडद्यावर येणाऱ्या पाटीवर मात्र '4 बाद 277' असं मराठीतच लिहा. मग निवेदकाचं वाक्य आणि पाटी एकाच दिशेने वाचली जातात. 2011च्या अंतिम सामन्यातली भारताची बाजू मी अशी लिहीन:

पडदा: भारत 1 बाद 0
निवेदन: "डावातला दुसराच चेंडू, मलिंगाचा. सेहवाग पायचीत! भारताचं खातंही उघडलेलं नाही."

पडदा: भारत 2 बाद 31
निवेदन: "सचिन झेलबाद, मलिंगाचा दुसरा बळी. एकतीस धावांवर दोन गडी तंबूत."

पडदा: भारत 4 बाद 277 (48.2 षटके), भारत 6 गडी राखून विजयी
निवेदन: "धोनीचा षटकार! दहा चेंडू आणि सहा गडी राखून भारत विश्वविजेता!"

पहिल्या निवेदनात 'शून्यावर एक बाद' मुद्दाम घेतलं नाही. ते पडद्यावर दिसतंच आहे, मग निवेदकाने न दिसणारी गोष्ट सांगावी. दुसऱ्यात 'बळी' मलिंगाच्या शेजारी आहे आणि 'गडी' भारताच्या. शेवटच्या निवेदनात चेंडू आणि गडी दोन्ही एकाच 'राखून'ला जोडले गेले.

48.2 मोठ्याने वाचायची वेळ आली तर 'अट्ठेचाळीस पॉइंट दोन' नको. तो दशांश नाही, अट्ठेचाळीस षटकं आणि दोन चेंडू आहेत. एकोणपन्नासाव्या षटकातले चार आणि पन्नासाव्यातले सहा मिळून उरलेले दहा येतात.