दर कमी आणि हप्ता जास्त: गृहकर्जाच्या दोन ऑफर्सची तुलना

प्रश्न: दोन ठिकाणांहून गृहकर्जाची ऑफर आली आहे. पूर्ण मुदतीत किती व्याज जाईल ते बघून निवडू का? प्रोसेसिंग फी वगैरे त्यात धरायची का? आणि फ्लोटिंग घेऊ की फिक्स्ड?

उत्तर:

एकूण व्याज बघा, पण दोन्हीकडे कर्जाची रक्कम तीच आणि मुदतही तीच असेल तरच. नाहीतर तो आकडा तुम्हाला फसवायलाच छापलेला असतो. 40 लाख 8.15 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतले तर व्याज जातं साधारण 41 लाख 20 हजार. तेच 40 लाख त्याहून महाग, म्हणजे 8.50 टक्क्यांनी, पण 15 वर्षांसाठी घेतले तर व्याज जातं 31 लाखांच्या आत. मुदत बदलून महागडं कर्ज दहा लाखांनी स्वस्त दाखवता येतं. एजंट हे अगदी हसतमुखाने करतात.

आता माझ्या साडूंबद्दल सांगतो, कारण हा वाद आमच्यात 2019 च्या डिसेंबरपासून चालू आहे आणि सासुरवाडीला पंगत बसली की अजूनही निघतो.

आम्ही दोघांनी एकाच महिन्यात कर्ज काढलं. दोघांनाही 40 लाखच हवे होते आणि मुदत 20 वर्षांची. मी बँकेत गेलो, दर 8.15, फी दहा हजार, जीएसटी धरून 11,800. साडूंनी एक गृहवित्त कंपनी गाठली. तिथे दर 8.00, फी वीस हजार, जीएसटीसह 23,600. साडूंनी मोबाइलवर कॅल्क्युलेटर काढून सगळ्यांसमोर जाहीर केलं, "पूर्ण मुदतीत माझे नव्वद हजार वाचतात. बारा हजार फी जास्त गेली तर गेली." हे गणित चूक नव्हतं. दरातल्या 0.15 टक्क्याने हप्त्यात 374 रुपयांचा फरक पडतो, त्यामुळे फीतला फरक अडीच-पावणेतीन वर्षांत वसूल होतो. फी म्हणजे या सगळ्यातली किरकोळ गोष्ट. लोक तिच्यावरच घासाघीस करतात आणि मोठी रक्कम शेजारून निसटून जाते.

त्यांचं मंजुरीपत्र मी मागून घेतलं. पहिल्याच पानावर कर्जाची रक्कम होती 41,50,000. हे वरचे दीड लाख कसले, असं विचारलं तर म्हणाले, "तो विमा आहे. मला काही झालं तर कर्ज फिटतं. महिन्याला हजार-बाराशेच पडतात." विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिसळला होता. तो भाग वेगळा काढा. दीड लाखांचा 8 टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता 1,255 रुपये होतो. 240 महिन्यांत झाले 3 लाख 1 हजार. दीड लाखाचा विमा तीन लाखांना पडला, कारण त्यावरही वीस वर्षं व्याज भरायचं.

परिणाम असा की दर त्यांचा कमी आणि हप्ता माझ्यापेक्षा जास्त. मी भरत होतो 33,832 आणि ते 34,712. फीसकट पूर्ण मुदतीचा हिशोब मांडला तर माझ्या हातून जाणार होते 81 लाख 31 हजार, त्यांच्या हातून 83 लाख 54 हजार. नव्वद हजार वाचवणारी ऑफर सव्वादोन लाखांनी महाग होती. मी हे भर पंगतीत सांगितलं नाही, जेवण झाल्यावर बाहेर नेऊन सांगितलं, तरी त्यांना राग आलाच.

तुमच्याकडे आता एक सोय आहे जी तेव्हा आमच्याकडे नव्हती. 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या नव्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे केएफएस, देणं बंधनकारक केलंय. त्यात एपीआर नावाचा वार्षिक दर असतो. व्याज, प्रोसेसिंग फी आणि कंपनीने दुसऱ्या कुणाच्या वतीने तुमच्याकडून घेतलेले पैसे (विमा, कायदेशीर तपासणी वगैरे) हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. दोन्हीकडून केएफएस मागा. व्याजदर आणि एपीआर यांत जितकं अंतर जास्त, तितकं आत काहीतरी दडलंय असं समजा. सोबत परतफेडीचं वेळापत्रकही मिळतं, त्यात कर्जाची सुरुवातीची रक्कम तुम्ही मागितली तेवढीच आहे का, हे सगळ्यात आधी बघा. स्वतः ताळा करायचा असेल तर स्प्रेडशीटमध्ये एवढं पुरतं:

```
=PMT(8.15%/12, 240, -4000000)
```

हा हप्ता आला. त्याला 240 ने गुणा, 40 लाख वजा करा, की एकूण व्याज मिळालं. मग फी आणि विमा मिळवा.

पण फ्लोटिंगमध्ये हे एकूण व्याज म्हणजे आजचा दर वीस वर्षं हलणार नाही असं धरून काढलेला आकडा आहे. एपीआरचंही तेच. आणि तो दर हलतोच. म्हणून दोन फ्लोटिंग ऑफर्समध्ये माझ्या मते खरा प्रश्न हा की दर कशाला बांधलाय. ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मापाला जोडावी लागतात, बहुतेक बँका रेपो दराला, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना उसने पैसे देते त्याला, जोडतात. माझ्या करारात लिहिलंय, रेपो अधिक 3.00. तेव्हा रेपो 5.15 होता, म्हणून 8.15. वरचे 3.00 हा स्प्रेड, आणि माझी पत बिघडली नाही तर बँक तो मनाला येईल तेव्हा वाढवू शकत नाही. गृहवित्त कंपन्यांना हा नियम लागू नाही. त्यांचा मूळ दर त्या स्वतः ठरवतात, आणि साडूंचा करार तसाच होता.

मार्च ते मे 2020 मध्ये रेपो 5.15 वरून 4.00 वर आला. माझा दर बँकेत न जाता 7.00 झाला. साडूंचा 8.00 वरून कसाबसा 7.70 वर आला, आणि तेव्हा त्याच कंपनीच्या जाहिरातीत नव्या गिऱ्हाइकाला सात टक्क्यांच्या आसपास कर्ज मिळत होतं. चौकशी केली तर उत्तर मिळालं की जुन्या ग्राहकाने दर बदलण्याची फी भरली तर कमी करू. मी पंगतीत बोललो नव्हतो, त्याची भरपाई तेव्हा केली.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण साडूंनी ती मला व्याजासकट परत केली. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो 6.50 वर गेला आणि माझा दर 9.50 झाला. या काळात हप्ता वाढत नाही म्हणून लोक निश्चिंत राहिले, बँका मुदत लांबवत होत्या. 2021 मध्ये ज्याने 7 टक्क्यांनी 40 लाख घेतले त्याचा हप्ता 31,012. समजा बाकी साडेअडतीस लाख असताना दर 9.50 झाला, तर महिन्याचं नुसतं व्याजच 30,479. मुद्दलाला उरले पाचशे-साडेपाचशे. असं कर्ज निवृत्तीनंतरही फिटत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला निवडू द्या. तुमच्यावर वेळ आली आणि झेपत असेल तर हप्ता वाढवा, मुदत वाढवू नका.

साडूंचं तेव्हा म्हणणं, "बघा, फिक्स्ड घ्यायला हवं होतं." 2019 मध्ये मला फिक्स्डची ऑफर होती 9.50 ची. त्यात हप्ता 37,285 आणि पूर्ण मुदतीचं व्याज साडेएकोणपन्नास लाखांच्या आसपास, म्हणजे सव्वाआठ लाख जास्त. आणि माझा फ्लोटिंग दर या सगळ्या काळात, अगदी वाईटात वाईट दिवसांतही, त्या 9.50 ला फक्त शिवला, ओलांडून गेला नाही. 2025 मध्ये रेपो पुन्हा उतरला. शिवाय सुरुवातीची वर्षं महत्त्वाची, कारण तेव्हा बाकी सर्वात मोठी असते. फिक्स्डवाला जास्तीचा दर नेमका तेव्हाच भरतो. नंतर कधीतरी फ्लोटिंग वर गेलं तरी तोवर मुद्दल कमी झालेलं असतं, त्यामुळे वसुली अर्धवट राहते.

फिक्स्ड म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं दोन, तीन किंवा पाच वर्षांपुरतंच फिक्स्ड असतं, मग त्यांच्या फ्लोटिंग दरावर जातं. करारात रीसेटचं कलम शोधा. आणि व्यक्तीच्या नावावरच्या फ्लोटिंग गृहकर्जावर आधी पैसे भरले तर दंड लावता येत नाही. फिक्स्डमध्ये लावू शकतात. दरवर्षी बोनस आला की मुद्दलात टाकणार असाल तर हा एकच मुद्दा निर्णयाला पुरेसा आहे, आणि मग पूर्ण मुदतीच्या व्याजाच्या आकड्याला तसाही फारसा अर्थ राहत नाही.

हे सगळं पगार नियमित येणाऱ्याच्या बाजूने लिहिलंय. हप्ता पाच हजारांनी वाढला तर घर कोलमडेल अशी ओढाताण असेल आणि खरोखर पूर्ण मुदतीचं फिक्स्ड मिळत असेल, तर ते घेण्यात वेडेपणा नाही. विम्याबद्दलही एवढंच, की साडूंकडे तेव्हा दुसरा कुठलाच जीवन विमा नव्हता, तेव्हा त्यांचे दीड लाख अगदी पाण्यात गेले असं मी म्हणणार नाही. फक्त कर्जासाठी जीवन विमा घ्यायलाच हवा असा कुठलाही कायदा नाही, आणि बाहेरून साधा टर्म विमा घेऊन दर वर्षी हप्ता भरला असता तर त्यावर वीस वर्षं व्याज चढलं नसतं. हे मी त्यांना अजूनही सांगतो. ते म्हणतात, "तुमचं आपलं काहीतरीच."